आत टाकलेला गॉज: ऑपरेशनची नोट कशी लावतात

ऑपरेशन संपलं की हातमोजे उतरवायचे, भूलतज्ज्ञाशी दोन शब्द बोलायचे, बाहेर नातेवाइकांना भेटायचं, आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की फोनवर नोट बोलून टाकायची. गेली कित्येक वर्षं माझा हा शिरस्ता आहे. बोललेलं रेकॉर्डिंग रजिस्ट्रारकडे जातं. ती ते ऐकते, नीट लावते, मी वाचून सही करतो. गेल्या वर्षी केलेल्या एका पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मी जे बोललो, ते जवळपास असं होतं:

"बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. दीड महिन्यापूर्वी पित्ताशयाला सूज येऊन दाखल होत्या, सलाइन-अँटिबायोटिकवर बऱ्या झाल्या, तेव्हा सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. जीएखाली घेतलं. बेंबीखालून ओपन पद्धतीनं पोर्ट टाकलं, मग बाकीची तीन. ओमेंटम चिकटलेलं होतं, सोडवलं. ड्युओडेनमही चिकटलं होतं, तेही सावकाश सोडवलं. पित्ताशय टम्म होतं, धरता येईना, म्हणून सुईनं रिकामं केलं, म्युकोसील निघालं. मानेत मोठा खडा अडकलेला. कॅलोज ट्रँगल फार वाईट होता. बराच वेळ प्रयत्न केला, व्ह्यू मिळेना, म्हणून सबटोटल केलं. खडे काढले. मधे लिव्हरच्या बाजूनं ओझिंग होतं, गॉज टाकून दाबून धरलं, थांबलं. आतून टाका घेतला. ड्रेन ठेवला. पोर्टं शिवली. ड्रेनवर लक्ष ठेवा. बाकी रूटीन."

ऐकायला हे ठीक वाटतं. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं सांगितलंय, खोटं काही नाही. पण ही गोष्ट झाली, नोट नव्हे. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची असते. ऑपरेशनची नोट तशी कुणीच वाचत नाही. रात्री दोन वाजता वॉर्डातला डॉक्टर तिच्यात फक्त ड्रेनचं काय करायचं ते शोधत असतो. पॅथॉलॉजिस्टला नमुना कुठला आणि संशय कशाचा ते हवं असतं. चार वर्षांनी त्याच पोटात दुसऱ्या गावचा सर्जन शिरणार असेल, तर आत काय चिकटलेलं होतं आणि काय मागे ठेवलंय एवढंच त्याला बघायचं असतं. विमा कंपनीच्या माणसाला ऑपरेशन मुळात का केलं हे हवं. प्रत्येकाची घाई वेगळी आणि प्रश्न वेगळा. म्हणून नोटेचे पाच भाग पडतात: इंडिकेशन, फाइंडिंग्ज, स्टेप्स, क्लोजर आणि पोस्ट-ऑप सूचना. वर नाव, तारीख, वेळ, सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ, ऑपरेशनचं नाव, ते ठरवून केलं की तातडीनं, ही चौकट असतेच. ती भरायला डोकं लागत नाही. डोकं लागतं ते या पाच भागांत बोललेलं वाक्य कुठे बसवायचं यासाठी.

रजिस्ट्रारला मी एकच नियम घालून दिलाय. शब्द हलवायचे, पण मी न बोललेलं स्वतःच्या मनानं एक अक्षर घालायचं नाही. केसपेपरवर लिहिलेलं असेल तर तिथून घ्यावं. नसेल तर जागा मोकळी सोडून मला विचारावं. मोकळी जागा दिसली की विचारावंसं वाटतं. "नेहमीप्रमाणे" म्हणून भरलेल्या जागेवर मात्र नजर थांबतच नाही. त्या दुपारी ती माझ्यासमोर सात मोकळ्या जागा घेऊन उभी राहिली.

पहिला भाग, इंडिकेशन. इथे बहुतेक नोटांत एकच शब्द दिसतो, "कोलेलिथियासिस", म्हणजे पित्ताशयात खडे. पण हे निदान झालं, कारण नव्हे. पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी करायला जावं आणि पित्ताशयात खडे दिसावेत, असं रोज होतं. काही त्रास नसेल तर अशा बहुतेक लोकांना आपण ऑपरेशन सांगत नाही. म्हणजे खडे आहेत एवढ्यानं ऑपरेशनचं उत्तर मिळत नाही. इंडिकेशनमध्ये दोन गोष्टी यायला हव्यात: ऑपरेशन का, आणि आत्ताच का. या बाईंचं उत्तर असं की दीड महिन्यापूर्वी पित्ताशयाला सूज येऊन त्या दाखल झाल्या होत्या, औषधांवर सूज बसली, पण खडे तिथेच आहेत आणि असा झटका पुन्हा येऊ शकतो. तेव्हा लगेच ऑपरेशन का केलं नाही, हेही एका वाक्यात लिहावं लागतं, कारण हल्ली पहिल्याच झटक्यात, पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करण्याकडे कल आहे. या बाई पाचव्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या, सूज पक्की झाली होती. मी रेकॉर्डिंगमध्ये हे सांगितलंच नव्हतं. ही पहिली मोकळी जागा. सोनोग्राफीत सामान्य पित्तनलिकेची रुंदी आणि रक्तातलं बिलिरुबिन किती होतं, ही दुसरी. हे दोन आकडे सोडले तर नलिकेत खडा नव्हता असं आम्ही का मानलं, ते पुढच्याला कळणार नाही. दोन्ही आकडे तिनं केसपेपरवरून घेतले आणि कुठून घेतले तेही लिहिलं.

या भागात एक मोह असतो आणि तो फार सूक्ष्म आहे. नोट लिहितो तेव्हा आत काय निघालं ते आपल्याला माहीत झालेलं असतं. मग हात आपोआप लिहितो, "इंडिकेशन: म्युकोसील". पण म्युकोसील आहे हे पोटात शिरण्याआधी कुणाला ठाऊक होतं? सोनोग्राफीच्या रिपोर्टात ते नव्हतं. इंडिकेशन म्हणजे ऑपरेशन सुरू होण्यापूर्वीचं ज्ञान, त्यात नंतर कळलेलं मिसळायचं नाही. नंतर कळलेल्यासाठी "ऑपरेशननंतरचं निदान" अशी वेगळी ओळ असते. या दोन ओळींत फरक असला तर त्यात कमीपणा काहीच नाही. उलट फरक दिसला की नोट खरी वाटते.

दुसरा भाग, फाइंडिंग्ज, हा मला सगळ्यात अवघड वाटतो. माझ्या रेकॉर्डिंगमधलं हे वाक्य बघा: "ओमेंटम चिकटलेलं होतं, सोडवलं." चार शब्दांचं वाक्य, आणि ते मधोमध तोडावं लागतं. चिकटलेलं होतं, हे दिसलं. सोडवलं, हे केलं. पहिला तुकडा फाइंडिंग्जमध्ये जातो, दुसरा स्टेप्समध्ये. बोलताना आपण बघणं आणि करणं एका श्वासात बोलतो, कारण ऑपरेशनमध्ये ते तसंच एकमेकांत गुंतलेलं असतं. लावताना मात्र प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे मी पाहिलं, की हे मी केलं?

तिसरी शक्यताही असते. हे मी पाहिलंही नाही, केलंही नाही, तर ठरवलं. "म्युकोसील निघालं" हे तसं वाक्य आहे. सुईत काय आलं? पांढरट, पाण्यासारखं, चिकटसर, साधारण तीस मिली, पू नाही, पित्ताचा रंग नाही. हे फाइंडिंग. त्यावरून म्युकोसील हा निष्कर्ष, तो ऑपरेशननंतरच्या निदानात. तीस मिली हा आकडा मी रेकॉर्डिंगमध्ये दिलाच नव्हता. ही तिसरी मोकळी जागा. मला आठवत होता, कारण सिरिंज समोर होती. आणखी चार तासांनी विचारलं असतं तर आठवला नसता. शक्य असेल तेव्हा नोट ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडण्याआधीच व्हावी, ती याचसाठी.

आता "कॅलोज ट्रँगल फार वाईट होता." हे वाक्य मी कितीतरी नोटांत वाचलंय आणि स्वतःही लिहिलंय. त्यातून पुढच्या सर्जनला काहीच कळत नाही. वाईट म्हणजे रक्तस्राव होत होता? चरबी फार होती? की सगळं दगडासारखं घट्ट झालं होतं? सर्जनचा वैताग त्यात आला, पोटातलं चित्र आलं नाही. शिवाय त्या नावातही एक गुंता आहे. झां-फ्रांस्वा कॅलो यानं १८९१ साली या भागाचं वर्णन केलं तेव्हा त्रिकोणाची वरची बाजू म्हणजे सिस्टिक आर्टरी, ही पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी होती. आज आपण वरची बाजू म्हणून यकृताची कड धरतो, म्हणजे त्रिकोण मोठा झाला, नाव मात्र जुनंच राहिलं. म्हणून नाव लिहून थांबू नये. कुठे काय चिकटलं होतं ते लिहावं. रजिस्ट्रारनं मला विचारलं, "सर, वाईट म्हणजे नेमकं काय दिसत होतं?" आणि मी सांगितलं तसं तिनं लिहिलं: पित्ताशयाच्या मानेचा फुगीर भाग, म्हणजे हार्टमन पाउच, सामान्य पित्तनलिकेला घट्ट चिकटलेला. त्यात साधारण दोन सेंटिमीटरचा खडा अडकलेला, हलत नव्हता. यकृताची कड आणि पित्तनलिका यांच्यामध्ये कठीण तंतुमय ऊती, मऊ थर मिळाला नाही. सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक आर्टरी वेगवेगळी ओळखता आली नाही. ही चौथी जागा होती, आणि सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढे मी जे केलं त्याचं सगळं समर्थन याच तीन-चार ओळींत आहे.

फाइंडिंग्जमध्ये काय दिसलं नाही तेही लिहायचं असतं. यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत, पोटात पाणी नाही, पित्ताशयाच्या भिंतीत संशयास्पद गाठ नाही. न दिसलेली गोष्ट लिहिली नाही की नंतर कुणीही म्हणू शकतं, तुम्ही बघितलंच नसेल. पण न बघितलेलं "नाही" म्हणून लिहिणं त्याहून वाईट. अपेंडिक्स मी पाहिलं नव्हतं, म्हणून नोटेत त्याचं नावच नाही.

तिसऱ्या भागात, स्टेप्समध्ये, वाटतं तेवढं सगळं लिहायचं नसतं. पोर्टं कशी टाकली, वायूचा दाब १२ मिलिमीटर, रुग्णाची स्थिती, हे एका दमात उरकावं. नेहमीसारखं जिथे काही झालं नाही, तिथे मात्र थांबायचं. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो थांबा म्हणजे "क्रिटिकल व्ह्यू". अमेरिकेतल्या स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ही कल्पना मांडली. सिस्टिक डक्ट कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना. हे दिसल्याशिवाय कापायचं नाही, कारण सिस्टिक डक्ट समजून सामान्य पित्तनलिका कापली गेली तर त्या माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं. नोटेत "सीव्हीएस मिळाला" एवढंच लिहितात, तेव्हा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की एक, ते कळत नाही. तिन्ही वेगळ्या लिहायला अर्धं मिनिट लागतं.

इथे मला तो मिळाला नाही. मग आमच्यात थोडा वाद झाला. "व्ह्यू मिळाला नाही" हे फाइंडिंग की स्टेप? रजिस्ट्रार म्हणाली, न दिसणं हेही दिसण्यासारखंच, म्हणून फाइंडिंग्ज. माझं मत वेगळं. व्ह्यू निसर्गात नसतो, तो सोडवून सोडवून तयार करावा लागतो. तिथल्या ऊती कशा होत्या हे फाइंडिंग. वीस-पंचवीस मिनिटं पुढून आणि मागून प्रयत्न केला, एक अटही पुरी झाली नाही, म्हणून पुढे न जाता निर्णय बदलला, हे स्टेप. असं लावलं की निर्णय कुठल्या क्षणी आणि कशामुळे फिरला ते वाचणाऱ्याला दिसतं. तिला पटलं असं नाही, पण तिनं तसं लिहिलं.

आता "सबटोटल केलं". ही पाचवी मोकळी जागा. सबटोटल म्हणजे पित्ताशय पूर्ण न काढता धोक्याच्या जागेजवळचा भाग ठेवून बाकीचं काढणं. पण याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचं पुढचं भविष्य वेगळं आहे. एका प्रकारात उरलेल्या भागाचं तोंड शिवून टाकतात, मग आत पित्ताशयाची एक छोटी थैली शिल्लक राहते. लगेच पित्त गळण्याची शक्यता कमी, पण त्या थैलीत वर्षांनी पुन्हा खडे होऊ शकतात. दुसऱ्यात थैली उरतच नाही, भिंतीची फक्त मागची बाजू यकृताला चिकटून राहते, आणि सिस्टिक डक्टचं तोंड हवं तर आतून शिवतात. यात सुरुवातीला पित्त गळण्याची शक्यता जास्त, पुन्हा खडे होण्याची कमी. स्ट्रासबर्ग यांनीच २०१६ साली या दोन्हींना वेगळी नावं दिली, रिकॉन्स्टिट्यूटिंग आणि फेनेस्ट्रेटिंग. मी दुसरा प्रकार केला होता. रेकॉर्डिंगमध्ये "आतून टाका घेतला" एवढीच खूण होती, आणि ती कुठल्या आतून, कशावर, हे माझ्या डोक्यातच राहिलं होतं. नोटेत ते असं उतरलं: समोरची भिंत कापून काढली, सगळे खडे काढून मोजले, अकरा निघाले, मानेतला खडा काढल्यावर पित्त आलं नाही. सिस्टिक डक्टचं तोंड आतून विरघळणाऱ्या धाग्यानं पर्स-स्ट्रिंग टाक्यानं बंद केलं. मागची भिंत यकृतावर ठेवली, तिच्या आतलं अस्तर कॉटरीनं जाळलं. क्लिप एकही लावली नाही.

शेवटचं वाक्य जादा वाटेल. पण कॉम्प्युटरवरच्या तयार नोटेत ते नेमकं उलट असतं. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये "लॅप कोली" निवडलं की आपोआप मजकूर येतो: क्रिटिकल व्ह्यू मिळाला, सिस्टिक डक्ट आणि आर्टरी क्लिप करून कापली, पित्ताशय यकृतापासून सोडवलं, रक्तस्राव नाही. दहांपैकी नऊ वेळा ते खरंही असतं. दहाव्या वेळी मात्र तो मजकूर न बदलता सही होते. मग दोन वर्षांनी पोट दुखतं म्हणून दुसरीकडे सीटी स्कॅन होतो, यकृताखाली पित्ताशयाची भिंत दिसते, क्लिप दिसत नाही, आणि तिथला डॉक्टर आमची नोट हातात घेऊन डोकं खाजवत बसतो. तयार मजकूर वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरतो. पण त्यात "मिळाला" हा शब्द आधीच छापलेला नसावा. तिथे मोकळा चौकोन असावा.

स्टेप्सच्या शेवटी नमुन्याची ओळ. काढलेली भिंत आणि खडे पिशवीत घालून वरच्या पोर्टमधून बाहेर, हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवले. भिंत अर्धी असल्यामुळे पॅथॉलॉजिस्टला हे सांगायलाच हवं, नाहीतर तो "पित्ताशय अपूर्ण मिळालं" म्हणून फोन करणार.

आणि आता तो गॉज. रजिस्ट्रारची सहावी मोकळी जागा, चौथ्या भागातली, क्लोजरमधली. "सर, तुम्ही म्हणालात, गॉज टाकून दाबून धरलं. बाहेर कधी काढला?"

मी जरा गप्प झालो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये रक्त पाझरायला लागलं की दहा मिलिमीटरच्या पोर्टमधून गॉजचा छोटा तुकडा आत सोडायचा, तो दाबून धरायचा, थोड्या वेळानं काढायचा, हे इतकं सवयीचं आहे की काढल्याचं सांगायचं सुचतच नाही. काढलाच होता. सिस्टरच्या काउंट शीटवर नोंद होती, आणि पडद्यावर तो रक्तानं माखलेला तुकडा पोर्टमधून वर ओढताना मला दिसलाही होता. पण माझ्या रेकॉर्डिंगप्रमाणे तो गॉज आत गेला आणि तिथेच राहिला.

ही नुसती कागदी बारकाई नाही. १९६३ साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या एका स्त्रीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. नंतर ताप आणि वेदना वाढत गेल्या, सहा दिवसांनी जखम पुन्हा उघडली तेव्हा आत मॉप सापडला, आणि पुढच्या काही दिवसांत ती गेली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १९९६ साली, तेहतीस वर्षांनी. निष्काळजीपणाची जबाबदारी न्यायालयानं राज्य सरकारवर टाकली.

म्हणून आमच्या क्लोजरच्या भागात "काउंट बरोबर" हे दोन शब्द मी चालवून घेत नाही. तो निष्कर्ष आहे. आत टाकलेले गॉज एक, बाहेर काढलेला एक, ड्रेन ठेवण्यापूर्वी काढला. बाहेरचे दहा, दहा. सुया चार, चार. मोजणी स्क्रब सिस्टर आणि फिरत्या सिस्टरनं मिळून केली. एवढं लिहिलं की "बरोबर" लिहायची गरज राहत नाही. बाकी क्लोजर सोपं असतं. ड्रेन एक, उजव्या बाजूच्या पाच मिलिमीटरच्या पोर्टमधून, टोक यकृताखाली, त्वचेला टाक्यानं बांधलेला. बेंबीचं आणि वरचं, अशी दहा मिलिमीटरची दोन्ही छिद्रं आतल्या पापुद्र्यासकट शिवली, पाच मिलिमीटरच्या छिद्रांना नुसते त्वचेचे टाके. पापुद्रा शिवला हे लिहायचं कारण असं की पुढे बेंबीशी हर्निया झाला तर पहिला प्रश्न तोच येतो. ड्रेन किती आणि कुठून, हे न लिहिल्यानं काय होतं तेही मी पाहिलंय. एका रुग्णाला दोन ड्रेन होते, नोटेत "ड्रेन ठेवला" असं एकवचन, आणि दुसऱ्या ड्रेनची नळी पट्टीखाली तीन दिवस कुणाच्या ध्यानातच आली नाही. त्या वेळी ती नोट मीच लिहिली होती.

पाचवा भाग. माझं वाक्य होतं, "ड्रेनवर लक्ष ठेवा, बाकी रूटीन." सातवी मोकळी जागा, आणि ती भरायला बाकी सगळ्या मिळून लागला तेवढा वेळ लागला. "लक्ष ठेवा" म्हणजे काय करायचं? रात्रपाळीची सिस्टर दर तासाला नळीकडे बघेल, मान हलवेल आणि पुढे जाईल, तेही लक्ष ठेवणंच झालं. "रूटीन" म्हणजे ज्या डॉक्टरचं रूटीन माझ्यापेक्षा वेगळं आहे त्यानं काय समजावं? सूचना लिहिताना वाचणारा मी नसतो. तो कालच रुजू झालेला, मला फोन करायला बिचकणारा, दुसऱ्या वॉर्डातून इथे पाठवलेला डॉक्टर असतो. त्याच्यासाठी सूचनेत तीन गोष्टी हव्यात: काय मोजायचं, कुठल्या आकड्याला काय करायचं, आणि काय करायचं नाही.

आम्ही लिहिलं ते असं. ड्रेनमध्ये आलेलं दर आठ तासांनी मिलीत मोजावं आणि रंग लिहावा. पहिल्या दिवशी गुलाबीसर चालेल. लालभडक आणि तासाला पन्नास मिलीहून जास्त आलं तर लगेच कळवावं. पिवळं-हिरवं, पित्तासारखं आलं, तर ते या ऑपरेशननंतर अनपेक्षित नाही, कारण पित्ताशयाचा भाग मागे ठेवलाय. अशा वेळी नाडी नव्वदच्या आत, ताप नाही, पोट मऊ असेल, तर ड्रेन तसाच ठेवून सकाळी कळवावं. नाडी शंभरच्या वर, ताप, किंवा पोट कडक असेल, तर रात्री कितीही वाजता फोन करावा आणि सोनोग्राफीची तयारी ठेवावी. ड्रेन सर्जननं सांगितल्याशिवाय काढू नये. ड्रेनमध्ये येणं अचानक शून्य झालं तर नळी तुंबली असू शकते, म्हणून पोट पाहावं आणि कळवावं. सहा तासांनी पाणी, संध्याकाळी उठून बसवणं, अँटिबायोटिक किती डोस, गुठळी होऊ नये म्हणून काय, ही बाकीची यादी खाली. शेवटच्या दोन ओळी घरी जातानासाठी: हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट कोण आणणार आणि कुणाला दाखवणार, आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावं की पित्ताशय पूर्ण काढलेलं नाही.

"पित्त आलं तर अपेक्षित आहे" हे वाक्य लिहावं की नाही यावर मी जरा घुटमळलो होतो. आपणच गळती होईल असं लिहून ठेवायचं म्हणजे जरा विचित्रच. पण तिसऱ्या भागात मी मागची भिंत ठेवलीय हे लिहिलं असेल, तर पाचव्या भागात त्याचा परिणाम न लिहिणं म्हणजे रात्रीच्या डॉक्टरला तो स्वतः शोधायला लावणं. दोन भाग एकमेकांशी जुळले नाहीत की हमखास समजावं, एक भाग तयार मजकुरातून आला आहे. नोट तपासताना मी आता तेच बघतो. स्टेप्समध्ये ड्रेन आहे आणि सूचनांत तो कधी काढायचा ते नाही. सूचनांत टाके दहाव्या दिवशी काढा असं आहे आणि क्लोजरमध्ये विरघळणारे टाके आहेत. इंडिकेशन उजव्या हर्नियाचं आहे आणि स्टेप्समध्ये छेद डाव्या बाजूला. शेवटचं उदाहरण मी बनवलेलं नाही. टायपिंगची चूक निघाली, पण ती निघेपर्यंत आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सगळी नोट पूर्ण झाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते, म्हणजे ऑपरेशन संपून दीड तास. माझं रेकॉर्डिंग दोन मिनिटांचं होतं. सही करताना मी वर वेळ लिहिली, आणि ज्या ओळी नंतर विचारून भरल्या होत्या त्या तशाच ठेवल्या, वेगळ्या सहीसह. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपावे लागतात आणि मागितले तर बहात्तर तासांत द्यावे लागतात. नंतर भरलेली ओळ आधीचीच असल्यासारखी दाखवली तर सगळ्या नोटेवरचाच विश्वास उडतो. नंतर भरली असं स्पष्ट लिहिलं तर काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी ड्रेनमध्ये तीस मिली गुलाबी पाणी. दुसऱ्या रात्री अकरा वाजता मला मेसेज आला, ज्याला मी अजून एकदाही भेटलो नव्हतो अशा डॉक्टरचा: "ड्रेन १२० मिली, हिरवट. नाडी ८४. ताप नाही. पोट मऊ. सूचनेप्रमाणे ड्रेन ठेवला आहे. सकाळी बोलतो." मी उशीवर डोकं टेकलं. पुढच्या दिवसांत ते नव्वद, साठ, वीस असं उतरत गेलं. सातव्या दिवशी काहीच आलं नाही, सोनोग्राफीत यकृताखाली पाणी साठलेलं नव्हतं, आठव्या दिवशी ड्रेन काढला. भिंतीच्या रिपोर्टात जुनी सूज, बाकी काही नाही.

डिस्चार्जच्या वेळी बाईंचे यजमान कार्ड वाचून माझ्याकडे आले. "डॉक्टर, पिशवी काढली म्हणालात, आणि इथे तर लिहिलंय पूर्ण काढलेली नाही." मी त्यांना खुर्ची दिली, नोटेचा तिसरा भाग समोर ठेवला आणि पेनानं कागदावर चित्र काढायला घेतलं: यकृत, त्याच्या खाली पित्ताशय, आणि मी जिथे थांबलो ती रेघ.